कापसाखालचा आवाज

फ्रीगंज वस्तीतल्या अनसूयाबाईंच्या गौरींपुढची झांकी, म्हणजे आरास, बघायला ओळखीपाळखीच्या सगळ्या बायका यायच्या. घरात केबल आली त्या वर्षी त्यांनी टीव्हीवर बर्फ पडताना पाहिला आणि ठरवलं, यंदा बैठकीत हिमालय करायचा.

त्यांचे यजमान श्रीधरराव सीमेवरच्या रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर होते. आता निवृत्त होऊन घरीच असत. बर्फ त्यांनी जवळून पाहिलेला, पण त्याबद्दल विचारलं की ते उठून बाहेर जात. म्हणून बाईंनी त्यांना विचारलंच नाही.

खोकी एकावर एक रचून, खाचांत रद्दीचे बोळे कोंबून त्यांनी उतार केले. त्यावर जुनी पांढरी चादर. कापूस मात्र थापला नाही. हाताने पिंजून विरळ केला आणि खळ लावलेल्या बोटांनी पातळ पातळ चिकटवला, म्हणजे जोड दिसत नाहीत. पांढऱ्या कागदाच्या घड्या घालून कातरलेल्या चांदण्या दोऱ्याने वर टांगल्या. कड्यांना चंदेरी कागद, वर अभ्रकाची पूड. समई लांब ठेवली, कापूस पेटायला वेळ लागत नाही. सगळं उडू नये म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद.

भादव्यातली दमट दुपार. हवेतल्या ओलीने एका उतारावरचा कापूस दबला आणि खाली लांबट खळगा पडला. बाई चहा घेऊन आल्या, तर श्रीधरराव झांकीपुढे गुडघ्यांवर बसलेले. दोन्ही हातांनी तो कापूस उपसत होते. घाईने, पण फार जपून, जणू खाली कुणाला लागेल.

"अहो, काय करताय?"

"बोलू नकोस. ऐकू येत नाही मग."

खालची चादर दिसली तेव्हा ते थांबले. मग ते सांगू लागले आणि बाईंना पहिल्यांदा कळलं. यज्ञेश्वर नावाचा त्यांचा सोबती, एकाच तंबूत राहणारा, कडा कोसळून बर्फाखाली गेला होता. बराच वेळ खालून हाका येत होत्या. संध्याकाळी साहेबांनी माणसं मागे बोलावली.

"मी पण आलो मागे," ते म्हणाले. "तो तेव्हाही हाक मारत होता."

बाईंनी कप खाली ठेवला. कापूस परत लावला नाही. गौरींपुढे साधं पांढरं वस्त्र अंथरलं. आलेल्या बायकांना सांगितलं, तब्येत बरी नव्हती.

गणपती उठले, पितृपक्ष लागला. दोघं यज्ञेश्वराच्या तर्पणाला नदीवर, राम घाटावर गेली. गुरुजींनी त्याचं गोत्र विचारलं. श्रीधररावांना माहीत नव्हतं. गुरुजी म्हणाले, मग कश्यप म्हणा. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा श्रीधररावांनी बाईंकडे पाहिलं आणि यज्ञेश्वराचं नाव बाईंनी घेतलं.

त्यानंतर ते यज्ञेश्वराबद्दल थोडंथोडं बोलू लागले. पण त्या बैठकीत पंखा बंद झाला, वीज गेली, की बोलता बोलता गप्प होत आणि मान खाली घालून फरशीकडे कान देत. बाई तेवढा वेळ स्वतःचा श्वासही हळू घेत.