पालकांची सही

प्रमिलानं अर्ज तिसऱ्यांदा नीट उतरवून काढला. ‘प्रति, मा. परीक्षा नियंत्रक, मार्फत मा. प्राचार्य. विषय : बी.ए. तृतीय वर्ष, अर्थशास्त्राच्या पेपरला गैरहजर राहिल्याने फेरपरीक्षा मिळणेबाबत.’ कारणाचं वाक्य एकच होतं, ‘त्या दिवशी पहाटे माझे वडील वारले.’ हॉल तिकिटाची झेरॉक्स आणि मृत्यूचा दाखला तिनं मागे टाचला.

जळगावच्या त्या कॉलेजातले कारकून भाईदासभाऊ कायम वैतागलेले. त्यांनी विषय वाचला आणि नजर थेट तळाशी नेली. “एकट्यासाठी विद्यापीठ पेपर घेत नाही, ताई. ऑक्टोबरलाच बसावं लागेल. तरी पाठवून बघू. पण पालकांची सही कुठंय? तिच्याशिवाय इथं अर्ज घेत नाहीत, माहितीये ना? घरी जा, घेऊन या.”

अर्ज नीट वाचा, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण अकरावीपासून पाच वर्षं प्रत्येक अर्ज घेऊन ती अशीच घरी जायला धुळ्याच्या गाडीत बसली होती. शेतातून आलेले वडील, आबा, म्हणायचे, “थांब, हात धुईसन येस.” मग धुतलेले हात पुसून, मांडी घालून, श्वास रोखून ‘मगन’ ही तीन अक्षरं काढायचे. तिच्याच पाटीवर शिकले होते. मध्येच पेन अडलं तर घाबरायचे, पोरीचा कागद बिघडला म्हणून.

“बरं,” ती म्हणाली आणि अर्ज परत घेतला.

दारात थांबून तिनं पेन तळहातावर ओढून पाहिलं. चालत होतं. मग आईची सही घ्यायला ती एसटी स्टँडकडे निघाली.