दिवसाला पाच रुपये कोणी ठरवले?

गंगापूर रोडवरच्या शेअर बाजाराच्या क्लासच्या सरांनी मला फसवलं. माझा नवा टेम्पो त्यांच्या पंख्यात गेला. यात गैरसमज नाही, नशीब नाही, बाजाराचा मूडही नाही. फसवलं.

मी प्लॅस्टिकचे क्रेट विकतो. टोमॅटो, द्राक्षं, ढोबळी मिरची, नाशिकच्या आसपास जे काही तोडून भरलं जातं ते माझ्या क्रेटमध्ये भरलं जातं. सुरुवात सायकलच्या कॅरिअरवर चार क्रेट बांधून केली. आजपर्यंत कोणी सांगितलेल्या पहिल्या भावात मी वस्तू घेतलेली नाही. क्लासची फीसुद्धा निम्म्यावर आणून घेतली होती, आणि पुढचे आठ दिवस त्याच आनंदात होतो. तिथेच चुकलो. जो माणूस फी इतक्या पटकन कमी करतो, त्याला माल कितीला पडतो हे आधी विचारायला हवं होतं.

मला तिथे नेलं देवळ्याच्या एका कांदा व्यापाऱ्यानं. जुनं गिऱ्हाईक, चांगला माणूस. म्हणाला, "भाऊ, सर लय भारी हाय. बाजार कुठं थांबणार, रेषा मारून दाखवतो." दर रविवारी सकाळी आम्ही बारा-पंधरा जण जमायचो. द्राक्ष बागायतदार, दोन औषध दुकानदार, एक निवृत्त शिक्षक. एसी, चहा, भिंतीवर मोठा पडदा.

विद्या अशी. शेअरचा एखादा मोठा तळ घ्यायचा, जिथून भाव उलटला तो. तिथून पंख्याच्या काड्यांसारख्या नऊ रेषा वर जातात. मधली रेषा मुख्य. आमच्या शेअरचा तळ चारशेचा होता आणि सरांचं माप दिवसाला पाच रुपये. म्हणजे चाळीस दिवसांनी मधली रेषा सहाशेवर. कागदावर एक दिवस आणि पाच रुपये सारख्याच लांबीचे काढले की ही रेषा बरोबर पंचेचाळीस अंशांत येते. भाव तिच्या वर असेल तर शेअर दमदार. खाली गेला तर पुढच्या, निम्म्या चढाच्या रेषेवर आधार. "काळ आणि किंमत जिथे समान होतात," सर हात जोडून सांगायचे, "तिथे बाजाराला निर्णय घ्यावाच लागतो. ही भूमिती आहे. भूमिती खोटं बोलत नाही."

भूमिती नसेल बोलत. सर बोलतात.

चाळिसाव्या दिवशी भाव सहाशे दहा होता. मधली रेषा सहाशेवर, भाव तिच्यावर टेकलेला. सर म्हणाले, "शेठ, याहून सुंदर जागा मिळणार नाही." नव्या टेम्पोसाठी बाजूला ठेवलेले सगळे पैसे मी त्या सुंदर जागेत टाकले. घरी बायकोनं एवढंच विचारलं, "टेम्पोचं काय?" मी म्हटलं, सहा महिन्यांत मोठा घेऊ.

त्या आठवड्याच्या रविवारी सरांनी प्रत्येकाला पारदर्शक प्लॅस्टिकचा एक कागद दिला होता, त्यावर हाच पंखा छापलेला. कोपरा तळावर ठेवायचा, झालं. घरी लॅपटॉपवर ठेवून बघितला तर भाव मधल्या रेषेच्या चांगलाच खाली. मी चित्र जरा बाजूंनी दाबलं, भाव रेषेच्या वर आला. ओढून पसरवलं, परत खाली. शेअर तोच, दिवस तोच, कागदही तोच. मी फोन केला.

"सर, माझ्याकडे भाव रेषेच्या खाली दिसतोय."

"तुमचं स्केल लॉक नाही शेठ. क्लासचं चित्र प्रमाण माना."

मी मानलं. तराजूचा काटा हलताना दिसला तर मार्केट यार्डातला कुठलाही माणूस आधी तराजू बघतो. मी मात्र सरांचं ऐकून काट्याकडे पाठ केली.

पन्नासाव्या दिवशी मधली रेषा साडेसहाशेवर होती आणि भाव पाचशे तीसवर. सर खूश. "बघा, निम्म्या चढाची रेषा आज पाचशे पंचवीस. बरोबर तिथेच आला." पुढच्या आठवड्यात ती तुटली. सर म्हणाले, खालची धरेल. तीही तुटली, मग तिच्याखालची. प्रत्येक वेळी रेषा चुकली असं नाही, तर भावानं "पुढच्या कोनाचा शोध घेतला" असं असायचं. साठाव्या दिवशी भाव चारशे तीस, सगळ्या नऊ रेषांच्या खाली. सर म्हणाले, "आता नवा तळ बनतोय. तिथून नवा पंखा काढू."

मी विकून मोकळा झालो. आमचा जुना टेम्पो सुरगाण्याच्या घाटात गरम होऊन थांबतो तो आजही थांबतो आणि ड्रायव्हर मला फोन करतो. बायको फोन ऐकते आणि माझं ताट झाकून ठेवते.

मग मी वेगळं काम केलं. गाळ्यातल्या कॅलेंडरवर मी रोजचा टोमॅटोच्या क्रेटचा लिलावातला भाव लिहून ठेवतो. तेच साठ दिवसांचे भाव चौकटीच्या कागदावर मांडले आणि तळापासून पंखा काढला. दिवसाला दीड रुपया धरला, काही जमेना. दोन धरले, तरी नाही. सव्वादोन धरल्यावर भाव चार ठिकाणी रेषांना जाऊन टेकला. नऊ रेषा पसरल्यावर भाव कुठे ना कुठे टेकणारच, तो जाणार कुठे? रविवारी कशाचा भाव ते न लिहिता तो कागद सरांपुढे ठेवला.

सरांनी चष्मा लावला. "अप्रतिम. मधल्या रेषेवर आधार घेतलाय. होल्ड करा."

"सर, हे पिंपळगावचे टोमॅटो आहेत. आत्तापर्यंत सडले."

एक औषध दुकानदार हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "मग काय झालं? निसर्गाचा नियम टोमॅटोलाही लागू आहे."

"पण सव्वादोन रुपये निसर्गाचे नाहीत, माझे आहेत. जमेपर्यंत बदलत गेलो. तुमचे पाच कुठून आले?"

"अनुभवातून."

"म्हणजे आधी भाव बघितला आणि मग बसेल तो आकडा घेतला. दिवस ही एक वस्तू, रुपया ही दुसरी. एक दिवस बरोबर किती रुपये, हे बाजारानं तुम्हाला कधी सांगितलं? आणि बाजार बंद म्हणून तुमच्या पडद्यावर शनिवार-रविवार नसतात. ते धरले तर रेषा कुठे जाते?"

निवृत्त शिक्षक म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे हो." देवळ्याचा माझा मित्र मात्र माझी बाही ओढत होता. "भाऊ, बसा ना. तीन वेळा रेषा धरली होती राव, मी बघितलंय." धरली असेल. ज्या वेळी सुटली त्या वेळी हा पानं उलटत होता.

सर म्हणाले, "शेठ, तुम्ही पुढच्या वर्गाला या. तिथे प्रमाण कसं ठरवायचं ते शिकवतो. तुम्हाला फीमध्ये सवलत." माझ्याशी घासाघीस. मी चप्पल घातली आणि बाहेर पडलो.

क्लास अजून चालू आहे. देवळ्याचा मित्र अजून जातो. म्हणून हे लिहिलंय आणि त्यालाच पाठवतोय, म्हणजे रविवारी तो सरांना वाचून दाखवेल. सर, सवलत नको, नवा पंखा नको. पंधरा जणांसमोर उभं राहून एकच सांगा: दिवसाला पाच रुपये का, साडेतीन का नाही, आणि हे माप भाव पडायच्या आधी तुम्ही कुठे लिहून ठेवलं होतं? ठेवलं असेल तर कागद दाखवा. नसेल तर माझ्या टेम्पोचा जाब द्या.