माणकातली चांदणी

गुजरीतल्या आमच्या सराफी दुकानात शाहूवाडीच्या एक मावशी सासूची अंगठी घेऊन आल्या. तिच्यातलं माणिक बिनपैलूचं, घुमटासारखं गुळगुळीत होतं.

"ह्या गोट्याला पैलू पाडून द्या की, जरा चमकंल तरी!"

असं कुणी म्हटलं की माझं डोकंच तापतं. खडा स्वच्छ असेल तर पैलू पाडायचे. उजेड आत शिरून उसळतो, किंमत चढते. गढूळ खड्यात उजेडच शिरत नाही, म्हणून त्याला घुमट देतात आणि तो स्वस्तात जातो. हा गढूळच होता. तरी नीट बघावं म्हणून ट्यूबलाइटखालून उठून पायरीवर उन्हात गेलो.

खड्याच्या माथ्यावर सहा किरणांची चांदणी उमटली. अंगठी हलवली, तशी तीही सरकली. माझ्या हातात अशी पहिलीच. ज्या बारीक तंतूंनी खडा गढूळ होतो, तेच घुमटावर चांदणी धरतात. पैलू पाडले असते तर ती गेली असती, आणि तिच्यामुळं चढलेली किंमतही.

मावशींना पायरीवर बोलावून दाखवली, तशा त्या अंगठी उन्हात फिरवून फिरवून बघत राहिल्या.

"सासूबाई तांदूळ निवडाय रोज उन्हातच बसायच्या," शेवटी म्हणाल्या. "आमाला वाटायचं, थंडी वाजती त्यास्नी."