मरायला टेकलेले तास

तास मरतात हे मला साजगावच्या त्या कारखान्यात कळलं. तोवर मी वेळ जातो, वेळ काढतात, एवढंच ऐकून होते.

कारखाना बाटल्यांची झाकणं करणारा, बेताचा. तिथल्या मालाच्या साठ्याचं सॉफ्टवेअर मी बसवलेलं. किती प्लास्टिकचा दाणा आला, किती झाकणं झाली, किती खोकी गेली, ते सगळं त्यात. बसवून झाल्यावर म्हाताऱ्या मालकांनी माझे महिन्याचे वीस तास बांधून घेतले. काम निघो न निघो, वीस तासांचे पैसे ठरलेले. उरलेले तास पुढच्या महिन्यात जायचे, पण एकाच महिन्यासाठी. पुढच्या महिन्यात आधी ते जुने कापायचे, मग नवे. तरीही जुन्यातले उरले तर महिनाअखेरीला बाद. आणि सगळे संपून वर काम निघालं तर जादा तास, दर दीडपट, तोही मालकांची लेखी मंजुरी आधी मिळाली तरच. हे सगळं करारात मीच लिहिलं होतं. स्वतःच्या हाताने खणलेल्या खड्ड्याला नावं कोणाला ठेवणार?

कारखान्याकडून हे तास सांभाळायची ती. स्टोअर तिच्या ताब्यात. माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, चौकजवळच्या गावातली, घरी सासू, दोन मुलगे आणि थोडी भातशेती. काम निघालं की मला फोन तीच करायची आणि तासांच्या कागदावर सहीही तिचीच. मी कर्जतला एकटी. नवरा गेल्याला नऊ वर्षं झाली, मुलगी परदेशात, तिचा रविवार उजाडतो तेव्हा माझी रात्र असते. सोसायटीत लोक आहेत, पण त्यांचं माझ्याशी बोलणं म्हणजे पाणी आलं का, इतकंच.

पहिल्याच वर्षी घोळ झाला. एका महिन्यात बारकोडचं काम वाढलं आणि पाच तास जादा गेले. तिने भोळेपणाने सही केली, मंजुरी घ्यायची दोघींच्याही लक्षात राहिली नाही. मालकांनी पैसे दिले, पण तिला सगळ्यांसमोर झापलं. ती स्टोअरमध्ये येऊन खोक्यांकडे तोंड करून उभी राहिली. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की त्या दिवसापासून मी तास हात आखडून लिहू लागले. दोन तास लागले तर एक लिहायचा. तिला त्रास नको, असं मी मनाला सांगायचे. तेव्हा ते खरंही होतं.

मग तास उरू लागले. एका महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तिचा फोन आला. ‘‘ताई, तुमचे तास मरतायत! या लवकर, उद्या एकतीस हाय.’’

मी स्कूटी काढली, पळसदरीवरून खोपोली, तिथून साजगाव. तिने वहीत बारीकसारीक कामांची यादी करून ठेवली होती. एका रिपोर्टात अक्षरं लहान दिसतात, एका खोक्याचं नाव चुकलंय, प्रिंटर वाकडं छापतो. दुपारपर्यंत निम्मी यादी संपली. मग तिने डबा उघडला. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. ‘‘घ्या की ताई, लाजताय काय? घरची हाय.’’ मी घेतली. कोणाशी तरी समोरासमोर बसून जेवल्याला मला किती महिने झाले होते, ते मी मोजलं नाही. मोजायची भीती वाटली.

तेव्हापासून दर महिन्याला हेच. शेवटच्या आठवड्यात फोन, ‘‘तास मरायच्या आत या,’’ आणि मी हजर. पूर्ण दिवस. सासूचे गुडघे, धाकट्याची बारावी, यंदा रोपं कुजली, सगळं मला ठाऊक. मीही बोलायचे. नवऱ्याचं आजारपण मी आयुष्यात जिला सविस्तर सांगितलं ती ही एकटीच. ती ऐकता ऐकता खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची आणि मधेच म्हणायची, ‘‘सोसलंत हो ताई.’’ बस्स. कुणी तेवढंही म्हणालं नव्हतं.

आता खरं सांगते. नंतर नंतर मी तास तिच्यासाठी कमी लिहीत नव्हते. महिनाभरात घरून, फोनवरून, येऊन-जाऊन माझे चौदा तास व्हायचे. मी आठ लिहायचे. अखेरच्या दिवसाचे सहा. म्हणजे खरे पाहता वीसच्या वीस वापरले जात होते, कारखान्याला अगदी नेमके पुरत होते. कागदावर मात्र चौदा. दर महिन्याला सहा तास मेलेले दिसायचे. पण ते मरायला टेकले तरच तिचा फोन यायचा ना! म्हणून मी ते मरायला सोडायचे. खरे तास मी घरी वेगळ्या डायरीत लिहीत होते. का, कोण जाणे. सवय म्हणा.

मालक थकले आणि त्यांचा धाकटा मुलगा कारभार बघू लागला. हुशार पोरगा, उगाच कशाला नावं ठेवू? त्याने वर्षभराचे माझेच महिन्याचे हिशेब काढले आणि मला बोलावलं. टेबलाच्या पलीकडे तो, अलीकडे मी आणि ती. माझी डायरी पिशवीत होती.

‘‘मॅडम, दर महिन्याला सहा तास बाद होतायत. वर्षाचे किती झाले बघा. आणि हे शेवटच्या दिवसाचे सहा, त्यात कामं काय? अक्षर मोठं करणं? हे फोनवर होतं. म्हणजे आम्हाला लागतात महिन्याला आठ.’’

हिशेब बिनचूक होता. माझेच आकडे होते.

डायरी काढून त्याच्यासमोर ठेवायचा अवकाश होता. खरं काम चौदा तासांचं आहे, आठचं नाही, हे तिथल्या तिथे सिद्ध झालं असतं. पण प्रत्येक कागदावर तिची सही होती. मी खोटं लिहिलं म्हणजे तिने खोट्यावर सही केली. पुन्हा सगळ्यांसमोर ती खोक्यांकडे तोंड करून उभी राहिली असती. मी पिशवीचा बंद घट्ट धरून बसले.

मग त्याने तिला विचारलं, ‘‘तुम्ही यांना दर महिनाअखेरीला बोलवायचात, ते कशासाठी?’’

आता ही काय सांगणार? आमच्या गप्पा, डबा, सगळं बाहेर येणार की काय? बिचारीवर माझ्यामुळे खोटं बोलायची पाळी आली, असं वाटून मी तिच्याकडे बघितलं.

ती जराही अडखळली नाही. ‘‘सायेब, पैशे भरलेले तास फुकट जातात, ते माज्या जिवाला लागायचं. म्हनून मी बारकी कामं साठवून ठेवायची आनि ताईंना बोलवायची. जेवढे वाचतील तेवढे वाचवायचे. तरी सहा जायचेच. लय वाईट वाटायचं.’’

तिच्या चेहऱ्यावर लपवाछपवीचा मागमूस नव्हता, कारण लपवायला काही नव्हतंच. घरात तांदळाचा दाणा सांडला तरी वेचणारी बाई ती. ती तास वेचत होती. आणि मी बावळट समजत होते की ती मला बोलावतेय.

तिचा काय दोष? तिने कधी मैत्रीण म्हटलं नव्हतं, घरी या म्हटलं नव्हतं. समोर बसलेल्या माणसाला सोडून एकटं जेवायचं नाही, एवढी तिच्या घरची रीत होती, तीच तिने पाळली. बाकीचं सगळं मी रचलं होतं. मला इतकी लाज वाटली की पोराने पुढ्यात सरकवलेल्या नव्या करारावर मी न वाचताच सही केली. आठ तास. शिल्लक पुढे जाणार नाही. काम शक्यतो फोनवरून. जादा तासाला मंजुरी, पूर्वीसारखीच.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘‘ताई, तुमचं नुकसान झालं गं बाई. पन बरंच, नाय का? उगाच वाया तर जात नायत.’’

‘‘हो गं,’’ मी म्हटलं.

काम अर्थातच चौदा तासांचंच राहिलं. साठा तोच, प्रिंटर तोच. आठ संपले की पुढचे मी फुकट करते. जादा लावले तर पोरगा विचारणार, कालपर्यंत आठात भागत होतं, आज चौदा कसे? त्याचं उत्तर त्या डायरीत आहे आणि डायरी मी दाखवणार नाही. एकदा खोटं सांगितलं की ते पोसावं लागतं, खायला घालून. फुकट करते त्याचं मला काही वाटत नाही, खोटं कशाला बोलू? पैशाने माझं अडत नाही. अडतं ते महिनाअखेरीला.

नव्या कराराच्या पहिल्या महिन्यात तिसाव्या तारखेला मी सकाळीच आवरून बसले. अंगावर नीट इस्त्रीची साडी. फोन येणार नाही हे मला माहीत होतं. आठचे आठ वापरले गेले होते, कागदावर शिल्लक शून्य, मरायला टेकलेलं काहीच नव्हतं. तरी बसले. खाली भाजीवाला ओरडून गेला, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली. बाराला मी डाळ-भाताचा कुकर लावला आणि शिट्टी होण्याआधीच बंद केला. मग न राहवून मीच फोन लावला.

मागे मशीनची खडखड. ‘‘बोला ताई! सगळं येवस्तित चाललंय बरं का. प्रिंटर पन सरळ छापतोय.’’

‘‘हं. बरं झालं.’’

‘‘आनि या महिन्याला येक पन तास मेला नाय, बघितलंत ना? मी सायबाला सांगितलं. खूष झाला.’’ तिच्या आवाजात खराखुरा आनंद होता.

मग तिनेच विचारलं, ‘‘ताई, काय काम होतं का?’’

चार वर्षं मी त्या कारखान्यात प्रत्येक वेळी कामाचं निमित्त घेऊन गेले होते. त्या दिवशी माझ्याकडे एकही उरलं नव्हतं.

‘‘काम नाही गं,’’ मी म्हटलं. ‘‘तुझी आठवण आली. तुझ्यासोबत जेवावंसं वाटलं.’’

पलीकडे खडखड चालूच राहिली.

‘‘आगं बाई,’’ ती म्हणाली, अगदी हळू. ‘‘मग तास होते तवा सांगायचं ना, ताई.’’