नऊ ते चार

नुमानचा मोबाईल नंबर जुन्नरच्या कितीतरी घरांत भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेला होता, गॅसवाल्याच्या खाली, नाहीतर दूधवाल्याच्या वर. पुढं नाव, 'नुमान अँब्युलन्स'. लोकांनी नवऱ्याचं आडनावच बदलून टाकलं, असं त्याची बायको यास्मिन हसत म्हणायची. पण गेल्या वर्षभरात तिचं हे हसणं कमी कमी होत गेलं.

मालकाची गाडी एकच होती आणि ड्रायव्हर दोन. सकाळी आठ ते रात्री आठ जानकू, रात्री आठ ते सकाळी आठ नुमान. कागदावर हिशेब सरळ होता, पण लोक कागद वाचून आजारी पडतात थोडेच! दिवसा कुणाचं दुखलं-खुपलं की फोन नुमानलाच यायचा. जानकूचा नंबर द्यायला त्याला अर्धा मिनिट लागायचं आणि त्या अर्ध्या मिनिटाच्या बदल्यात झोप जायची ती जायचीच. वर जुन्नरची माणसं मोठी प्रेमळ. पेशंट बरा होऊन घरी आला, हे सांगायलासुद्धा दुपारी दोनला फोन करणार.

यास्मिन शिवणकाम करायची. नवऱ्याचे डोळे लाल होतात, जेवताना मान खाली जाते, हे तिला दिसत होतं. पण ती खरी घाबरली जलालचाचांच्या एका वाक्यानं. जलालचाचा दोन गल्ल्या पलीकडं राहायचे. नुमानला लहानपणापासून सांभाळलं, गाडी शिकवली, ती त्यांनीच. डुलकी लागून टेम्पो झाडावर घातला तेव्हापासून ते एका पायानं लंगडत होते. त्यांनी पुन्हा स्टिअरिंग धरलं नाही.

"यास्मिन, तुला त्यानं सांगितलं नसंल," ते म्हणाले. "परवा पहाटे रिकामी गाडी घेऊन येताना ओझरच्या फाट्याजवळ त्याचा डोळा लागला. चाक साइडपट्टीवरून खाली गेलं तवा जागा झाला. गाडी रिकामी व्हती म्हणून. भरलेली असती तर?"

त्या रात्री तिनं मशीन काढलं. ईद तीन आठवड्यांवर होती आणि नवऱ्याला काय द्यायचं ते ठरलं. खिडकीला जाड, गडद निळा पडदा, आतून दुहेरी अस्तर. पहिला पडदा चुकलाच. बुरख्याचं काळं कापड उरलं होतं, तेच लावलं. काळ्यातून उजेड येत नाही, अशी तिची समजूत. भर दुपारी दार लावून आत उभी राहिली, तर ऊन कापडातून आरपार आणि चारी कडांनी रेघा! स्वतःवरच चिडली. इतकी वर्षं शिवतेय आणि एवढं कळू नये? मग घट्ट विणीचं जाड कापड आणलं, चौकटीपेक्षा चारी बाजूंनी वीतभर मोठं बेतलं आणि कडेनं वेल्क्रोची पट्टी मारून भिंतीलाच चिकटवलं. दाराखालच्या फटीत गुंडाळलेली चादर बसवली. टेबलफॅन अशा ठिकाणी ठेवला, की वारा लागेल आणि त्याच्या एकसुरी घरघरीत गल्लीतला गलका बुडून जाईल. स्वतःचं मशीन उचलून मागच्या पडवीत नेलं.

ईदच्या दिवशी नुमान त्या अंधारात शिरला आणि म्हणाला, "हे तर थेटर झालं!"

"अजून संपलं न्हाई," यास्मिन म्हणाली. "फोन द्या. रोज सकाळी नऊ ते चार फोन माझ्याकडं. कुणाचा बी आला तरी मी बोलंन, जानकूभाऊंना लावून देईन. तुमाला उठवणार न्हाई. हीच माझी ईदी."

तो हसला, कुरकुरला, शेवटी फोन दिला. पंधरा दिवसांत माणूस बदलला. कामावरून आला की थोडं खायचा, चहा टाळायचा, सहा-सात तास सलग झोपायचा. डोळ्यांतली लाली गेली. पोरीशी, अफिफाशी, पुन्हा खेळायला लागला. यास्मिनला वाटलं, जिंकलो आपण.

मग तो मंगळवार आला. नुमान रात्रीत पुण्याला दोन फेऱ्या करून सकाळी साडेनऊला घरी आला होता आणि रात्री पुन्हा ड्युटी होती. दुपारी एकला फोन वाजला. चांदबीचाची होत्या, जलालचाचांच्या पत्नी.

"नुमान कुठंय? ह्यांच्या छातीत लई दुखतंय. घामानं भिजलेत. नुमानला पाठव!"

यास्मिनचा हात दाराच्या कडीवर गेला. ज्यानं नवऱ्याला बापासारखं वाढवलं, त्याच्यासाठी उठवायचं नाही तर कुणासाठी? पण गाडी जानकूकडं होती. नुमानला उठवून तो स्टँडवर जाईस्तोवर मिनिटं जाणार आणि काम तेच होणार. तिनं कडी सोडली. जानकूला फोन लावला, मग धावत चाचांच्या घरी गेली. जानकू सहा मिनिटांत आला. चाचांना स्ट्रेचरवर घेताना तिनं स्वतः डोक्याकडची बाजू धरली. चाची गाडीत बसल्या आणि गाडी नारायणगावकडं सुटली.

नुमान चारला उठला. ऐकलं आणि चप्पल न घालताच मोटारसायकलवर बसला. तो दवाखान्यात पोचला तेव्हा चाचांना जाऊन दहा मिनिटं झाली होती.

घरी आल्यावर तो एवढंच बोलला, "मला उठवलं का न्हाई?"

तिनं गाडीचं, मिनिटांचं सगळं सांगितलं. सगळं खरं होतं आणि कशाचाच उपयोग नव्हता. दफन करून आल्यावर त्यानं पडदा ओरबाडून काढला. फोन परत घेऊन उशाशी ठेवला. पुढचे तीन दिवस तो उघड्या डोळ्यांनी छताकडं बघत पडायचा आणि रात्री तशीच गाडी काढायचा. यास्मिन रोज पहाटे दारात उभी राहायची. आपल्या ईदीनं याची झोप तर गेलीच, आता जीवही जाणार, असं तिला वाटायचं. ती रडायची, पण माफी मागत नव्हती. मागितली असती तर खोटं बोलल्यासारखं झालं असतं.

चौथ्या दिवशी ती चाचीकडं गेली. चाची इद्दतीत बसल्या होत्या, चार महिने दहा दिवस परपुरुषासमोर यायचं नाही. नुमान त्यांना मुलासारखा असला, तरी आता भेटता येत नव्हतं. शिव्या खायच्या तयारीनंच यास्मिन समोर बसली.

चाचींनी तिचा हात धरला. "बरं झालं आलीस. मला त्याला निरोप द्यायचाय आन मी भायेर यिऊ शकत न्हाई. गाडीत बसल्यावर ह्यांनी जानकूला इचारलं, नुमान कुठंय? जानकू म्हणला, झोपलाय, यास्मिनवहिनींनी उठवलं न्हाई. तर हे हसले गं. एवढ्या दुखण्यात हसले. म्हणले, 'उठवू नका. आज रात्री त्याच्या गाडीत कुणाची तरी आई असंल.' मग माझ्याकडं बघून म्हणले, 'मला कुणी झोपू दिलं असतं तर माझा पाय धड राहिला असता.'"

यास्मिन घरी आली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. नुमान भिंतीकडं तोंड करून जागाच पडला होता. चाचींचे शब्द तिनं जसेच्या तसे सांगितले, आपला एकही घातला नाही. तो उशीत तोंड घालून लहान पोरासारखा रडला आणि तीही त्याच्याशेजारी बसून मोकळेपणानं रडली.

उशाशी फोन वाजला. त्यानं तो उचलला, पण कानाला न लावता तसाच तिच्या हातात दिला.

"चारला उठव," तो म्हणाला आणि डोळे मिटले.