कांदेबाईंनी मोजलेले आठ

कॉलेजात मुलं तिला पाठीमागे कांदेबाई म्हणत. तोंडावर मावशी.

बावीस वर्षं ती जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होती. खिडकीत बाटल्यांची रांग. प्रत्येक बाटलीच्या तोंडावर एक कांदा, बूड पाण्याला टेकलेलं. तीन-चार दिवसांत पांढऱ्या मुळ्या सुटत. सकाळी ती मुळ्यांची टोकं कापायची, औषधात ठेवायची. मग रंग, स्पिरिटच्या दिव्यावर जराशी ऊब, वर पातळ काच आणि अंगठ्याचा दाब. हा दाब तिच्या अंगठ्याला कळत होता. कमी पडला तर पेशी एकावर एक चढतात, जास्त झाला तर काच तडकते. मुलांच्या तडकत. तिची बावीस वर्षांत एकदाच तडकली होती, आणि तो दिवस तिला अजून आठवत होता.

यंदा साहाय्यकाची जागा निघाली. अट एकच, बारावी पास. तिने बेचाळिसाव्या वर्षी बाहेरून फॉर्म भरला. बाकीचे विषय कसेबसे मार्गी लागले. जिथे तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, त्या जीवशास्त्रातच गाडी अडली. असाइनमेंट होती: पेशी विभागण्याच्या दोन तऱ्हांची, मायटोसिस आणि मिओसिस यांची, टप्प्याटप्प्याने तुलना. शनिवारपर्यंत ती मंजूर झाली नाही, तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. जागा काही वर्षभर वाट बघत बसणार नव्हती.

बुधवारी वही परत आली. जीवशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी एका ओळीभोवती लाल गोल केला होता.

मॅडम वयाने तिच्याहून दहा वर्षांनी लहान. बोलायला तुटक, पण मनाने वाईट नव्हत्या.

"मावशी, पश्चावस्थेत तुम्ही दोन्हीकडे एकच लिहिलंय. गुणसूत्राची गाठ सुटते आणि त्याची दोन अर्धी दोन टोकांना जातात."

"तसंच होतं ना, मॅडम. रोज बघते मी."

"तुम्ही मूळ बघता. मुळात मायटोसिसच असतं. मिओसिसच्या पहिल्या फेरीत गाठ सुटत नाही."

"गाठ सुटल्याशिवाय वाटणी कशी होईल?"

"पुस्तकात आहे बघा."

"पुस्तकात वाचलं. पण डोळ्यांना पटत नाही, तर हात लिहीत नाही."

मॅडम हसल्या. "मग डोळ्यांना पटवा. शनिवारी दुपारपर्यंत."

चेष्टाच होती ती. पण कांदेबाईंनी मनावर घेतली.

मिओसिसची एकच तयार स्लाईड कपाटात होती. तिचा रंग इतका उडाला होता की त्यात काही दिसतंय असं म्हणणं म्हणजे भिडेखातर मान डोलावणं. आणि मिओसिस मुळात सापडत नाही, फुलात सापडतं. प्रयोगशाळेच्या मागे, फुटक्या कुंडीत, मागे कधीतरी टाकलेल्या कांद्याला दांडा आला होता. टोकाला कळ्यांचा गेंद, पातळ पापुद्र्यात. गुरुवारी सकाळी तिने तो कापून औषधात टाकला.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत दार लोटून बसली. मोठी कळी फोडली. आत तयार परागकण, खेळ संपलेला. अगदी बारीक कळी फोडली. खेळ सुरूच झालेला नव्हता. पाच कळ्या वाया गेल्या. सहावी मधल्या आकाराची. आतले पिवळट पुंकेसर सुईने काढले, रंग दिला, ऊब दिली, अंगठा ठेवला.

भिंगाखाली गुणसूत्रं मधोमध उभी होती. तिने मोजली. आठ.

पुन्हा मोजली. आठच.

मुळाच्या पेशीत ती नेहमी सोळा मोजायची. सोळा बारीक, सुटी, एका ओळीत, प्रत्येक जण आपापला. इथे आठ, पण जाडजूड, कुठे कडीसारखी, कुठे फुलीसारखी.  आठ सांडली की काय? दाब जास्त झाला? तिने बाजूच्या पेशी पाहिल्या. सगळीकडे आठ. बावीस वर्षांचा अंगठा एवढं सांडत नाही.

घाईने तिने लेकीच्या नेलपॉलिशने काचेच्या कडा बंद केल्या, स्लाईड वाळू नये म्हणून. आणि डोक्यात आठ घेऊन घरी गेली.

संध्याकाळी तिने नवऱ्याच्या बुटांच्या नाड्या काढल्या. तो बस डेपोत मेकॅनिक.

"अगं, काय चाललंय?"

"गप बसा. दुसऱ्या बुटांच्या काळ्या पण द्या."

दोन तपकिरी नाड्या मधोमध एका गाठीत बांधल्या. दोन काळ्या दुसऱ्या गाठीत. "तपकिरी आईकडचं, काळं बापाकडचं. वाटणीआधी प्रत्येकाची एक नक्कल होते, म्हणून दोन-दोन."

"बापाकडचं काळंच का?"

"आरशात बघा."

कांद्याच्या मुळात काय होतं ते आधी करून दाखवलं. दोन्ही गाठी ओळीत, एकमेकींशी बोलणं नाही. गाठी सुटतात. या बाजूला एक तपकिरी, एक काळी. त्या बाजूलाही तेच. दोन घरं, दोन्हीकडे सारखंच.

मग तिने गाठी पुन्हा बांधल्या आणि तपकिरी गाठ काळीजवळ आणली. अगदी खेटून. आणि तिचा हात थांबला.

"अहो! आठ नव्हेत ती. आठ जोड्या आहेत!"

"कसले आठ?"

तिने कात्री घेतली. तपकिरी नाडीचं टोक कापलं, काळीचं कापलं, अदलाबदल करून बांधलं. पूर्वावस्थेत जोडीला आलेली गुणसूत्रं असेच तुकडे बदलतात. पुस्तकात वाचलं होतं तिने, पण नुसतं पाठ केलेलं होतं.

"माझ्या नाड्या!" नवरा ओरडला. "उद्या पायात काय घालू?"

"चप्पल."

आता वाटणी. तपकिरी गाठ अख्खी इकडे, काळी अख्खी तिकडे. गाठ सुटलीच नाही. सुटायचं कारणच नव्हतं, जोडी सुटली की झालं. सोळाचे आठ इथेच झाले. पुन्हा नक्कल नाही. दुसऱ्या फेरीत मात्र गाठी सुटल्या, अगदी मुळात सुटतात तशा. चार वाट्या मांडल्या, चारांत एकेक नाडी. दोघींना दुसऱ्या रंगाचं टोक जोडलेलं. चारही वेगळ्या.

नवरा वाट्यांकडे बघत राहिला. "म्हणजे आपली पोरगी कधी तुझ्यासारखी, कधी माझ्यासारखी तणतणते, ते यामुळे?"

"तणतणते ती तुमच्यासारखीच."

शनिवारी सकाळी तिने तो रकाना खोडून नव्याने लिहिला. खाली दोन आकृत्या काढल्या. पुस्तकात सोयीसाठी चार गुणसूत्रं काढतात. तिने एकीकडे सोळा सुटी काढली, दुसरीकडे आठ जोड्या.

मॅडमनी वही वाचली. आकृतीवर बोट ठेवलं. "हे कुठून घेतलं?"

"मागच्या कुंडीतून." तिने कालची स्लाईड भिंगाखाली सरकवली.

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं आणि मायक्रोस्कोपवर वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. ओठ हलत होते. मोजत होत्या.

"मावशी," त्या म्हणाल्या, मान वर न करता, "सात वर्षं शिकवतेय मी हे. तक्त्यावरून. इतकं स्वच्छ कधी पाहिलं नव्हतं."

मग सही केली. तारीख घातली. पेन मिटून खिशाला लावताना विचारलं, "कळी कोणत्या आकाराची घेतली?"

कांदेबाईंनी करंगळीच्या नखाकडे बोट केलं. "याच्या निम्मी. मोठी घेऊ नका, उशीर झालेला असतो."

सोमवारी प्रयोगशाळेत दोन मायक्रोस्कोप शेजारी-शेजारी लावलेले होते. एकाखाली मूळ, एकाखाली कळी. पहिल्या बाकावरच्या मुलीने दोन्हींत डोकावून पाहिलं.

"मावशी, दोन्ही सारखंच दिसतंय. फरक काय?"

कांदेबाई बाटल्यांतलं पाणी बदलत होत्या. वळल्या नाहीत.

"मोज," म्हणाल्या.