साठ हजार फासे आणि एकही स्टार नाही

बी.एस्सी. कॉम्प्युटरचे सगळे विषय सुटले, एक सोडून. तो एकही काही अवघड नव्हता. पहिल्या वर्षाचं सी भाषेचं प्रॅक्टिकल. तिसऱ्या वर्षाचे जड जड पेपर मी काढले आणि पहिलीच्या पोरानं पाटीवर लिहावं तसल्या विषयात अडकलो. वरकुट्यात आमच्या घरी हे कुणाला समजावून सांगता येईना. थोरला चुलता म्हणायचा, वरची पायरी चढलास नि खालचीवरनं पडलास, ही कसली रं तुझी शाळा.

आमच्या प्रॅक्टिकलची रीत अशी की टेबलावर घडी घातलेल्या स्लिपा ठेवलेल्या असतात. एक उचलायची, त्यावर जे येईल तो प्रोग्रॅम लिहायचा, चालवून दाखवायचा, मग बाहेरून आलेले एक्स्टर्नल सर दोन-चार प्रश्न विचारतात. माझ्या स्लिपेवर आलं होतं: फासा साठ वेळा टाकल्यासारखं करा, कुठला आकडा किती वेळा पडला ते मोजा आणि तेवढे स्टार छापून दाखवा. प्रोग्रॅम मला पाठ होता. आमच्याकडं प्रोग्रॅम समजून घ्यायची पद्धत नव्हती, आरतीसारखा तो म्हणून टाकायचा. मी तो म्हणून टाकला. पडद्यावर असं काहीसं आलं:

१ | *********
२ | ***********
३ | *****
४ | ******** 
५ | ***********
६ | **************** 

एक्स्टर्नल सर शांत माणूस. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बघितलं आणि विचारलं, "सहाच का जास्त?"

एवढंच. पण त्या 'का'नं माझी पाचावर धारण बसली. मी म्हटलं, पुन्हा चालवतो. पुन्हा तेच चित्र. सहाला तेच सोळा, तीनला तेच पाच. तिसऱ्यांदाही तेच, एका स्टारचासुद्धा फरक नाही. आता माझी खात्रीच पटली की प्रोग्रॅम बिघडलाय. फासा खरा असता तर सगळ्यांना दहा-दहा मिळायला हवेत, साठ भागिले सहा, हे तर आमच्या झेडपीच्या शाळेतसुद्धा शिकवतात. सर म्हणाले, विचार करा, घाई नाही. ते शेजारच्या मुलीकडं वळले आणि मी विचार केला. तिथंच घात झाला.

मी फासा टाकायची ओळच खोडली. तिच्या जागी असं लिहिलं की पहिल्या वेळी एक, दुसऱ्या वेळी दोन, असं सहापर्यंत जायचं आणि परत एकपासून. स्टार असे सरळ आले की सुताराला ओळंबा लावावा लागू नये. सहाच्या सहा ओळींत दहा-दहा. सरांना मी अभिमानानं हाक मारली. त्यांनी पडदा बघितला, मग ती ओळ बघितली, मग बराच वेळ माझ्याकडं बघितलं.

"याला फासा म्हणतात?" ते म्हणाले.

निकालात नापास. त्या वेळी फार वाईट वाटलं नाही, कारण पुढच्या वर्षी काढू म्हणायची वयाला सवय असते. पण पुढच्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे जुना अभ्यासक्रम बंद होणार, ही शेवटची संधी, असं कॉलेजनं कळवलं. दुसरी म्हणजे माझ्या दाजींनी, पिंपळीच्या बहिणीच्या मालकांनी, बारामतीत एका ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकला. तिथं डेअऱ्यांसाठी दूध-मापाचे प्रोग्रॅम करत. साहेब म्हणाले, पोरगं चालतंय, फक्त डिग्री आणून दाखवा, जागा तोवर ठेवतो. दाजी शब्दाचे पक्के आणि दुसऱ्याच्या शब्दावर विसंबणारेही. त्यांनी गावभर सांगून टाकलं.

मी पिंपळीला बहिणीकडं, आक्काकडं, अभ्यासाला राहिलो. वर्षभरात मला एक शोध लागला होता. फाशाला बी पेरावं लागतं. संगणकाला चालू वेळ दिली नाही तर तो दर वेळी त्याच दानापासून सुरू होतो, म्हणून तेच चित्र. हे मी घरात सगळ्यांना सांगितलं. पण मुख्य दुखणं, स्टार एकसारखे का येत नाहीत, ते तसंच राहिलं. खात्री करायला मी भाचीच्या लुडोतला फासा घेऊन ओसरीवर बसलो. आक्का शेंगा फोडत होती. मी टाकायचो, ती शेंगांची टरफलं सहा ओळींत मांडायची. चारची ओळ फार लांबली, एकची भलतीच तोकडी. मी म्हटलं, फासा जत्रेतला दिसतोय.

"पडंल ते पडंल की," आक्का म्हणाली. "समान पडायला काय रेशनची साखर हाय व्हय ती?"

तिनं अख्खं संभाव्यताशास्त्र एका वाक्यात सांगितलं असं आता लिहायचा मोह होतो, पण खरं सांगायचं तर ती वैतागली होती. तिला टरफलं शेळीला घालायची होती.

मला मात्र सरांचा 'का' झोपेत ऐकू यायचा. मोबाईलवर सी चालवायचं ॲप घेतलं आणि फासे वाढवत नेले. सहाशे टाकले, ओळी जरा जवळ आल्या. सहा हजार टाकले, आणखी जवळ. तेव्हा ध्यानात आलं की फासे जितके जास्त तितका ओळींतला फरक एकूण लांबीच्या मानानं बारीक होत जातो. साठ हजार टाकले आणि प्रत्येक दोनशेला एक स्टार काढला. सहाही ओळी पन्नासाच्या आसपास, एखादीला एकोणपन्नास. आता काही खोडायला नको, फसवायला नको, खराच फासा आणि तरी सरळ रांगा. दाजींना दाखवलं. त्यांनी चष्मा नसताना बघितलं आणि म्हणाले, "झ्याक हाय. पेरलेल्या उसासारखं दिसतंय."

परीक्षेला इंदापूरला कॉलेजात गेलो. स्लिप उचलली तर तीच. मला देवाची कृपा वाटली. एक्स्टर्नलही तेच सर. तेव्हा तर वाटलं, हिशेब चुकता करायलाच आलोय.

लॅबमध्ये निळ्या पडद्याचा जुना टर्बो सी होता. वर्षानुवर्षं आम्ही त्याच्यावरच शिकलो, त्यामुळं त्याची भीती नव्हती. साठ हजारवाला प्रोग्रॅम टाकला, वेळेचं बी पेरलं, चालवला. पडदा काळा झाला. कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. मी मनात म्हटलं, साठ हजार फासे म्हणजे गंमत नाही, जुनं मशीन आहे, टाकू दे बिचाऱ्याला. हाताची घडी घालून आजूबाजूला जरा ऐटीत बघितलं. शेजारच्या पोरानं साधे साठ फासे टाकले होते. त्याच्या ओळी शेळीनं खाल्लेल्या कुंपणासारख्या खालीवर. सर त्याच्याकडं आले, तेच विचारलं, दोनचा का कमी? तो म्हणाला, साठच टाकलेत सर, पडतंय असं. सर म्हणाले, छान. मला त्याची कीव आली, हे लिहायलाही नको वाटतं.

माझा पडदा काळाच. मोबाईलवर हे डोळा मिटायच्या आत व्हायचं. कळा दाबल्या, काही नाही. आमच्या कॉलेजच्या सरांना बोलावलं. ते म्हणाले, हँग झालंय, खिडकीच बंद करू. केली. परत उघडलं तर प्रोग्रॅम नाही. सेव्ह करायचं राहिलं होतं. मशीनचा दोष समजून मी दुसऱ्या मशीनवर बसलो आणि तोच प्रोग्रॅम, तेच साठ हजार, अक्षर न अक्षर परत लिहिलं. आरतीच ती, बदलायची कशी. फक्त आधी सेव्ह केलं. परत काळा पडदा, परत ती लुकलुकणारी रेघ. एक्स्टर्नल सर माझ्यामागं येऊन उभे राहिले. बराच वेळ आम्ही दोघं त्या रेघेकडं बघत होतो, नळाला पाणी येईल म्हणून बघावं तसं. मग वेळ संपली.

बारामतीची एसटी भरून निघाली होती. एकच जागा रिकामी, त्याच एक्स्टर्नल सरांच्या शेजारी. मी उभाच राहणार होतो. त्यांनीच सरकून जागा दिली. गाडी हायवे सोडून वळली तेव्हा मी मोबाईल काढून त्यांना तोच प्रोग्रॅम चालवून दाखवला. सहा सरळ रांगा.

"तुमचा प्रोग्रॅम बरोबर आहे," ते म्हणाले. "या मोबाईलसाठी. तिथल्या टर्बो सीमध्ये साधा पूर्णांक बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंतच जातो. त्याच्यापुढं एक मिळवला की उलटा ऋणात पडतो, परत चढतो, परत पडतो. साठ हजाराला तो कधी पोचणारच नव्हता. मोजणी संपली नाही, म्हणून स्टार काढायची पाळीच आली नाही."

"मग साठच टाकले असते तर?"

"तर चाललं असतं." मग ते म्हणाले, "मागच्या वर्षीपण तुमचा प्रोग्रॅम बरोबरच होता. बी पेरायचं राहिलं होतं, तेवढंच. थोड्या फाशांत असा चढउतार येणारच. तुम्ही तेवढंच बोलायचं होतं. मी कारण विचारलं, तुम्ही फासाच खोडलात."

मी विचारलं, आता काही करता येईल का. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, पडद्यावर काही आलंच नाही, मी काय लिहू. रागानं म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी पिशवीतला एक पेरू मला दिला. मी तो घेतला आणि खाल्लासुद्धा. भूक लागली होती, त्याची लाज अजून वाटते.

पिंपळीला उतरायचं होतं. स्टॉपवर दाजी उभे दिसले, हात वर करून. मी उतरलो नाही. बारामतीला जाऊन त्या ऑफिसात साहेबांना स्वतःच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, फासे-स्टार सगळं, मध्ये एकदा हसलेही. मग म्हणाले, मला पटतंय, पण डिग्री नसलेला माणूस मला वर दाखवता येत नाही. जागा आठवडाभरात भरली.

त्याच संध्याकाळी पिंपळीला परत आलो तेव्हा दाजी अंगणात बाजेवर बसले होते. त्यांना ऑफिसातून फोन येऊन गेला होता. त्यांनी स्टॉपवरचं काहीच विचारलं नाही. "साठ हजार कशाला रं टाकायचं," एवढंच हळू आवाजात म्हणाले. उत्तर मला आता येत होतं, पण ते कुणाला उपयोगाचं नव्हतं. मी त्यांच्याजवळ बसलो. दाजी उठून आत गेले.